कोर्स रद्द झाला तरी हप्ता कापला जातोय: कर्जाचं खातं बंद करून घेण्याचा क्रम

ऑनलाइन कोर्सची फी हप्त्यांनी भरायची म्हणून काउन्सेलरने मोबाईलवरच एक फॉर्म भरून घेतला, ओटीपी मागितला, आधार जोडलं. काही आठवड्यांनी बॅच सुरूच झाली नाही, किंवा मध्येच बंद पडली. कंपनीने ‘युवर एनरोलमेंट इज कॅन्सल्ड’ असा मेल पाठवला आणि विषय संपला असं वाटलं. पुढच्या ५ तारखेला खात्यातून हप्ता गेला, त्याच्या पुढच्या ५ तारखेलाही गेला.

या प्रकरणात बहुतेक जण एकाच ठिकाणी अडकतात. ते सगळा पत्रव्यवहार कोर्सच्या कंपनीशी करत राहतात. हप्ता मात्र ती कंपनी कापत नसते. तो कापते एक वेगळी वित्तसंस्था. तिने तुमच्या नावावर कर्ज मंजूर करून फी कंपनीला आधीच दिलेली असते. तिच्या दृष्टीने तुम्ही विद्यार्थी नसून कर्जदार आहात. कोर्स रद्द झाल्याची नोंद कंपनीच्या सिस्टिममध्ये होते आणि कर्जाची नोंद वित्तसंस्थेच्या सिस्टिममध्ये असते. दोन्हींमधला दुवा आपोआप जुळत नाही, तो तुम्हाला लेखी पत्रांनी जुळवून घ्यावा लागतो.

त्यामुळे खालचा क्रम पाळा. यातला चौथा टप्पा, म्हणजे हप्ता थांबवणं, लोक सगळ्यात आधी करतात आणि तिथेच नुकसान होतं.

## टप्पा १: कर्ज कुणाचं, कुणाच्या नावावर आणि किती, हे आधी पक्कं करा

कर्ज देणाऱ्या संस्थेचं खरं नाव अनेकांना माहीतच नसतं. ज्या ॲपवर फॉर्म भरला ते बऱ्याचदा फक्त मध्यस्थ असतं आणि पैसे एखाद्या एनबीएफसीचे, म्हणजे बँक नसलेल्या पण कर्ज देणाऱ्या वित्तसंस्थेचे, किंवा बँकेचे असतात. नाव शोधायच्या तीन जागा आहेत. पहिली बँक स्टेटमेंट: हप्ता कापला त्या ओळीत ‘ACH’ किंवा ‘NACH’ या अक्षरांच्या पुढे ज्याने पैसे ओढले त्याचं नाव असतं. दुसरी, कर्ज मंजूर झालं त्या दिवशीचा मेल किंवा एसएमएस. तिसरी आणि सगळ्यात खात्रीची जागा म्हणजे तुमचा क्रेडिट रिपोर्ट. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही क्रेडिट कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो. त्यात संस्थेचं नाव, कर्जाची रक्कम आणि सुरू झाल्याची तारीख दिसते.

नाव सापडलं की त्या संस्थेच्या मेलवरून किंवा ॲपमधून ही चार कागदपत्रं मिळवा: कर्ज करार, की फॅक्ट स्टेटमेंट, कर्ज खात्याचं आजपर्यंतचं स्टेटमेंट आणि मँडेटची, म्हणजे खात्यातून हप्ता कापायला तुम्ही दिलेल्या परवानगीची, प्रत. की फॅक्ट स्टेटमेंट हे काही पानांचंच असतं. कर्जाची रक्कम, वार्षिक दर, हप्ते, दंड आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचा संपर्क त्यात द्यावाच लागतो. मँडेटवर यूएमआरएन नावाचा २० अक्षर-अंकांचा क्रमांक असतो, तो टिपून ठेवा.

आता एक गोष्ट नीट बघा: कर्ज नक्की कुणाच्या नावावर आहे? विद्यार्थ्याला उत्पन्न नसतं, म्हणून कर्ज वडिलांच्या किंवा आईच्या नावावर काढलेलं असतं आणि घरात ते कुणी लक्षात ठेवत नाही. मुलगा स्वतःच्या मेलवरून महिनाभर तक्रारी करतो आणि शेवटी उत्तर येतं की तुम्ही आमचे ग्राहक नाही. तो महिना वाया जातो. वित्तसंस्थेला जाणारं प्रत्येक पत्र कर्जदाराच्याच नावाने आणि त्याच्या नोंदवलेल्या मेलवरूनच गेलं पाहिजे. पुढे आरबीआयकडची तक्रारही त्याच्याच नावाने करावी लागते.

तपासा: कर्ज घेऊन एक-दोनच दिवस झाले असतील तर की फॅक्ट स्टेटमेंटमध्ये ‘कूलिंग ऑफ’ मुदत शोधा. डिजिटल कर्जात आरबीआयच्या नियमानुसार ही मुदत द्यावी लागते. त्या काळात मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा खर्च परत करून, दंड न भरता, कर्जातून बाहेर पडता येतं. पैसे कंपनीकडे गेलेले असले तरी मुदतीच्या आत वित्तसंस्थेला मेल टाकून ठेवा.

तपासा: तुमचे हप्ते क्रेडिट कार्डवर असतील तर हे प्रकरण वेगळं आहे. तिथे आधी कार्ड देणाऱ्या बँकेकडे व्यवहाराचा वाद नोंदवायचा असतो. हा लेख एनबीएफसी किंवा बँकेच्या वेगळ्या कर्जाबद्दल आहे.

## टप्पा २: कोर्स रद्द झाल्याचं लेखी मिळवा, पण योग्य शब्दांत

‘तुमची विनंती नोंदवली आहे’ हा मेल म्हणजे कोर्स रद्द झाल्याचा पुरावा नाही. व्हॉट्सॲपवर काउन्सेलरने लिहिलेलं ‘डोन्ट वरी सर, हो जाएगा’ तर नाहीच. कंपनीकडून तुम्हाला एकाच मेलमध्ये चार गोष्टी हव्यात: कोर्स कोणत्या तारखेपासून रद्द झाला, कुणी रद्द केला, परतावा किती आणि तो कोणाला जाणार.

‘कुणी रद्द केला’ हा मुद्दा दिसतो त्यापेक्षा मोठा आहे. बॅच कंपनीने बंद केली असेल तर सेवा न दिल्याची जबाबदारी तिची आहे. तुम्ही स्वतः सोडून गेलात असं नोंदलं गेलं तर ती तिच्या परतावा धोरणातली कलमं पुढे करते आणि पैसे कापते. म्हणून कंपनीने पाठवलेल्या लिंकवर ‘विद्ड्रॉ’ किंवा ‘ड्रॉप आउट’ असा पर्याय निवडायला सांगितलं तर निवडू नका. मेलवर स्पष्ट लिहा. असा मसुदा वापरता येईल:

> माझा नोंदणी क्रमांक ____. ____ या कोर्सची बॅच आपण दि. ____ रोजी बंद केली / सुरू केली नाही. या कोर्सची फी रु. ____ ही ____ या वित्तसंस्थेच्या कर्ज खाते क्र. ____ मधून आपणास मिळाली आहे. कृपया ७ दिवसांत लेखी कळवा: (१) कोर्स रद्द झाल्याची तारीख, (२) परताव्याची एकूण रक्कम, (३) त्यापैकी वित्तसंस्थेला किती आणि मला किती, (४) वित्तसंस्थेला पैसे पाठवल्याचा यूटीआर क्रमांक आणि तारीख. मी स्वतःहून कोर्स सोडलेला नाही.

यूटीआर क्रमांक मागायला विसरू नका. बँकेतून पैसे खरोखर गेले की नाही हे त्या एका क्रमांकावरून कळतं. ‘आम्ही लेंडरला पाठवले’ आणि ‘आम्हाला आले नाहीत’ असा खेळ महिनोन्‌महिने चालू शकतो, आणि तो या क्रमांकाशिवाय संपत नाही.

कंपनीचं पोर्टल बंद पडण्याआधी लॉगिन करून तुमच्या डॅशबोर्डचे, वर्गांच्या वेळापत्रकाचे, हजेरीचे आणि परतावा धोरणाच्या पानाचे तारखेसह स्क्रीनशॉट घ्या. बुडत्या कंपन्या सगळ्यात आधी विद्यार्थ्यांचं लॉगिन बंद करतात.

## टप्पा ३: त्याच दिवशी वित्तसंस्थेला वेगळं पत्र

कंपनीला मेल करताना वित्तसंस्थेला नुसतं ‘सीसी’मध्ये ठेवणं पुरेसं नाही. तिच्याकडे स्वतंत्र तक्रार नोंदवून तक्रार क्रमांक घ्यावा लागतो, कारण आरबीआयकडे जाण्याआधी थांबायच्या ३० दिवसांची मोजणी या तक्रारीच्या तारखेपासून सुरू होते. कस्टमर केअरला फोन केला असेल तरी तेच मेलने पुन्हा लिहा.

> कर्ज खाते क्र. ____. हे कर्ज केवळ ____ या कोर्सच्या फीसाठी होते आणि रक्कम आपण थेट कोर्स कंपनीस दिली. कोर्स दि. ____ रोजी कंपनीने रद्द केला आहे, पुरावा सोबत. कृपया (१) कंपनीकडून रक्कम परत घेऊन खाते बंद करा, (२) तोपर्यंत हप्त्याचे मँडेट बँकेकडे सादर करू नका, (३) कंपनीस दिलेली रक्कम, तिची तारीख आणि आजची शिल्लक दाखवणारे खात्याचे स्टेटमेंट द्या, (४) वाद मिटेपर्यंत क्रेडिट कंपन्यांना थकबाकीची नोंद पाठवू नका. ही लेखी तक्रार समजून तक्रार क्रमांक द्यावा.

यावर पहिलं उत्तर बहुधा ठरलेलं येतं: करारानुसार कोर्सचा वाद हा तुमचा आणि कंपनीचा, हप्ते भरणं तुमची जबाबदारी. करारात असं कलम खरंच असतं आणि ते हलक्यात घेऊ नका. पण उत्तरात तुमचीही बाजू आहे. कंपनीचा माणूसच कर्जाचा फॉर्म भरून घेत होता, म्हणजे तो वित्तसंस्थेसाठी ग्राहक आणत होता. आरबीआयच्या डिजिटल कर्जाच्या नियमांत अशा मध्यस्थाला कर्ज सेवा पुरवठादार म्हणतात, आणि त्याच्या वागण्याची जबाबदारी वित्तसंस्थेवरच राहते. हे नियम २ सप्टेंबर २०२२ ला आले आणि ८ मे २०२५ ला नव्या निर्देशांत एकत्र केले गेले. त्यामुळे काउन्सेलरने ‘हे कर्ज नाही, फक्त हप्त्यांची सोय आहे’ किंवा ‘कोर्स सोडला की हप्ते आपोआप थांबतात’ असं लिहून दिलेला चॅट असेल तर तो या पत्राला जोडा. तो कंपनीला दाखवून उपयोग नाही, वित्तसंस्थेला दाखवून आहे.

इशारा: या टप्प्यावर कुणी तुम्हाला नवीन लिंक पाठवून ‘कॅन्सलेशनसाठी ओटीपी द्या’ किंवा ‘प्रक्रिया शुल्क भरा, मग परतावा येईल’ म्हणालं तर थांबा. परतावा मिळवायला पैसे भरावे लागत नाहीत.

## टप्पा ४: हप्ता थांबवायचा की नाही

आता नाजूक भाग. मँडेट रद्द करणं तुमच्या हातात आहे. बँकेच्या नेटबँकिंगमध्ये ‘NACH’ किंवा ‘ई-मँडेट’च्या पानावर किंवा शाखेत यूएमआरएन देऊन लेखी अर्ज करता येतो. यूपीआय ऑटोपे असेल तर तुमच्या यूपीआय ॲपमध्येच ते दिसतं. काही शाखा ‘कर्जाचं मँडेट आहे, लेंडरचं पत्र आणा’ असं सांगतात. तेव्हा अर्जाची पोचपावती घ्या आणि नकार लेखी मागा.

पण मँडेट रद्द झालं म्हणजे कर्ज रद्द झालं नाही. वित्तसंस्थेच्या पुस्तकात हप्ता थकीत दिसायला लागतो, दंड चढतो, क्रेडिट रिपोर्टवर ‘किती दिवस थकले’ हा आकडा वाढत जातो आणि वसुलीचे फोन सुरू होतात. कर्ज वडिलांच्या नावावर असेल तर त्यांचं घराचं किंवा शेतीचं पुढचं कर्ज या काही हजारांसाठी अडू शकतं.

माझ्या मते तीन रस्ते आहेत आणि ते याच क्रमाने बघावेत.

पहिला, वित्तसंस्थेकडून ‘तपास पूर्ण होईपर्यंत हप्ता सादर करणार नाही’ असं लेखी घेणं. कंपनीने पैसे परत पाठवायचं मान्य केलं असेल तर हे बऱ्याचदा मिळतं. हप्त्याच्या तारखेच्या किमान आठवडाभर आधी मागा, कारण मँडेटची फाइल आधीच बँकेकडे गेलेली असते.

दुसरा, लेखी मिळालं नाही आणि हप्ता परवडत असेल तर हप्ता जाऊ द्या, पण ‘निषेध नोंदवून भरत आहे, परताव्याचा हक्क राखून’ असा मेल त्याच दिवशी टाका. पैसे जातात, पण क्रेडिट रिपोर्ट स्वच्छ राहतो आणि नंतर ते परत मागता येतात. कंपनी अजून चालू असेल तर मी हाच रस्ता सुचवेन.

तिसरा, कंपनी गायब आहे, परतावा येण्याची चिन्हं नाहीत आणि हप्ते बरेच उरलेत, अशा वेळी मँडेट लेखी मागे घेणं. हे करताना वित्तसंस्थेला कारणासह आधी कळवा, तक्रार क्रमांक द्या, आणि क्रेडिट रिपोर्टवर परिणाम होईल हे धरूनच चाला.

इशारा: खातं रिकामं ठेवून हप्ता परत जाऊ देणं हा सगळ्यात वाईट मार्ग आहे. प्रत्येक वेळी बँक आणि वित्तसंस्था दोघेही शुल्क लावतात. शिवाय पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा, २००७ च्या कलम २५ नुसार पुरेशी रक्कम नसल्यामुळे इलेक्ट्रॉनिक हप्ता परत गेला तर, चेक न वटण्यासारखाच, फौजदारी खटला होऊ शकतो. अशी मागणी नोटीस आली तर पैसे भरायला १५ दिवस असतात. त्या नोटिशीकडे दुर्लक्ष करू नका आणि उत्तर वकिलाकडूनच द्या.

वसुलीचा फोन आला तर ‘माझी तक्रार क्र. ____ प्रलंबित आहे, लेखी बोला’ एवढंच सांगा. आरबीआयच्या १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकानुसार थकीत कर्जासाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही, नातेवाइकांना त्रास देणं किंवा धमकावणंही चालत नाही. फोनची वेळ दिसणारा स्क्रीनशॉट ठेवा. ती वेगळी तक्रार होते.

## टप्पा ५: हिशोब स्वतः मांडा

कंपनी आणि वित्तसंस्था दोघीही मान्य करतात की कोर्स रद्द आहे, तरी पैसे अडतात. कारण कुणी कुणाला किती द्यायचे हे कुणीच नीट मांडत नाही. एक उदाहरण घेऊ.

फी ७२,००० रुपये. १२ हप्ते, प्रत्येकी ६,०००, दर महिन्याच्या ५ तारखेला, ‘नो कॉस्ट’. पहिला हप्ता ५ मे, दुसरा ५ जून. १२ जूनला कंपनीने बॅच रद्द केली. तरी ५ जुलै आणि ५ ऑगस्टचे हप्ते गेले. २० ऑगस्टला कंपनीने वित्तसंस्थेला ६०,००० पाठवले आणि तुम्हाला मेल केला: तुमचा परतावा पूर्ण झाला.

झाला का? रद्द झाल्याच्या दिवशी दोनच हप्ते गेले होते, म्हणून कंपनीने ७२,००० उणे १२,००० असे ६०,००० पाठवले. पण २० ऑगस्टला चार हप्ते, म्हणजे २४,००० गेलेले होते आणि कर्जाची शिल्लक फक्त ४८,००० होती. वित्तसंस्थेकडे ६०,००० आले, तेव्हा तिथे १२,००० जास्त जमले. ते तिने तुम्हाला द्यायचे. दुसरीकडे कंपनीने एकूण ७२,००० परत करायला हवे होते आणि दिले ६०,०००. म्हणजे पहिल्या दोन हप्त्यांचे १२,००० कंपनीकडे अजून अडकलेत, ते तिने थेट तुम्हाला द्यायचे. तुमच्या खिशातून गेले २४,०००: निम्मे वित्तसंस्थेकडून मागायचे, निम्मे कंपनीकडून. दोघांनाही पूर्ण २४,००० मागितले तर दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात आणि तुमचं पत्र चुकीचं म्हणून बाजूला पडतं.

यातच ‘नो कॉस्ट’चा एक खड्डा आहे. व्याज तुमच्याकडून घ्यायचं नाही असं ठरलेलं असतं, मग ते कंपनी सोसते. वित्तसंस्था ७२,००० च्या कर्जातून आपला भाग आधीच कापून घेते आणि कंपनीला, समजा, ६४,८०० च देते. परताव्याच्या वेळी कंपनी म्हणते, आम्हाला मिळाले तेवढेच आम्ही परत करू. ते ७,२०० ही कंपनीने विक्री वाढवण्यासाठी केलेली तडजोड होती, आणि तुमच्या पावतीवर फी ७२,००० असेल तर परतावाही ७२,००० च मागा. मात्र पत्र लिहिण्याआधी की फॅक्ट स्टेटमेंट पुन्हा बघा. काही करारांत कर्जाची रक्कमच ६४,८०० असते आणि उरलेले ७,२०० व्याज म्हणून दाखवलेले असतात. तसं असेल तर मुदतीआधी खातं बंद होताना पुढच्या महिन्यांचं व्याज लागता कामा नये आणि शिल्लक त्याप्रमाणे कमी निघायला हवी. म्हणून वित्तसंस्थेकडून मुदतपूर्व बंद करण्याचं स्टेटमेंट, ज्याला ते फोरक्लोजर स्टेटमेंट म्हणतात, तारीख घालून मागा आणि आपल्या हिशोबाशी ताडून पाहा.

काही वर्ग झाले असतील तर कंपनी तेवढा भाग कापू बघेल. झालेले तास आणि जाहीर केलेले एकूण तास यांच्या प्रमाणात कपात असेल तर ती वाजवी आहे. ‘नोंदणी शुल्क’, ‘कंटेंट ॲक्सेस’ अशा नावाखाली अर्धी फी कापत असतील तर ते मान्य करू नका, कापलेला आकडा कशावरून काढला ते लेखी विचारा.

## टप्पा ६: ३० दिवसांनंतर कुणाकडे काय घेऊन जायचं

इथे दोन वेगळ्या खिडक्या आहेत आणि त्यांची अदलाबदल केली तर तक्रार न वाचताच बंद होते.

वित्तसंस्थेबद्दलची तक्रार आरबीआयच्या लोकपालाकडे, `cms.rbi.org.in` या पोर्टलवर. शुल्क नाही. आधी संस्थेकडे लेखी तक्रार केलेली असली पाहिजे आणि ३० दिवसांत उत्तर आलं नसावं किंवा आलेलं उत्तर पटलेलं नसावं. ३० दिवसांच्या आत गेलात तर तक्रार परत येते. वकिलामार्फत तक्रार चालत नाही, स्वतःच करायची. पोर्टल जमत नसेल तर १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते.

तक्रारीचं वाक्य कसं मांडता यावर निकाल अवलंबून असतो. ‘कोर्सवाल्यांनी फसवलं’ असं लिहिलं तर लोकपाल म्हणतो, हा आमचा विषय नाही, आणि तो बरोबर असतो. कोर्स कंपनीवर आरबीआयचा अधिकार नाही. संस्थेने काय केलं किंवा केलं नाही ते लिहा: लेखी कळवूनही मँडेट सादर केलं, मागूनही स्टेटमेंट दिलं नाही, कंपनीकडून अमुक यूटीआरने पैसे आले तरी खातं बंद केलं नाही, जास्तीची रक्कम परत केली नाही, वाद चालू असताना थकबाकी नोंदवली. यापैकी प्रत्येक बाबीसमोर तारीख आणि जोडलेला कागद.

कर्ज देणारी संस्था आरबीआयकडे नोंदणीकृत आहे की नाही हे आरबीआयच्या वेबसाइटवरच्या एनबीएफसी यादीत बघा. नाव सापडत नसेल तर लोकपालाकडे न जाता `sachet.rbi.org.in` वर तक्रार करा आणि सायबर पोलिसांकडेही जा.

कोर्स कंपनीबद्दलची तक्रार आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५. ही न्यायालय नाही, मध्यस्थी आहे. कंपनी चालू असेल आणि तिला नाव जपायचं असेल तर इथे प्रतिसाद मिळतो. बंद पडत आलेली कंपनी इथल्या नोटिशीला उत्तर देत नाही, तेव्हा तिथे महिने घालवू नका.

तपासा: ग्राहक आयोगात आधी दावा टाकला आणि मग त्याच कारणासाठी लोकपालाकडे गेलात तर लोकपाल तक्रार घेत नाही. म्हणून आधी लोकपाल, मग आयोग.

## टप्पा ७: जिल्हा ग्राहक आयोग

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मुळे एक मोठी सोय झाली आहे. कंपनी बंगळुरूची आणि वित्तसंस्था गुरुग्रामची असली तरी तक्रार तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते. म्हणजे लातूरच्या माणसाने लातूरलाच. सेवेसाठी दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि ५ लाखांपर्यंत शुल्क शून्य. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन दाखल होते. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे.

कंपनीचा वकील पहिला आक्षेप घेईल की शिक्षण ही ‘सेवा’ नाही. राष्ट्रीय आयोगाने २० जानेवारी २०२० च्या निकालात शैक्षणिक संस्थांना कायद्याबाहेर ठेवलं, पण कोचिंग सेंटर या कायद्याखाली येतात असंही त्याच निकालात स्पष्ट केलं. पदवी न देणारा, कौशल्य शिकवणारा खासगी कोर्स असेल तर या निकालाचा आधार घ्या.

तक्रारीत कंपनी आणि वित्तसंस्था दोघांनाही विरुद्ध पक्ष करा. फक्त कंपनीला केलं तर आयोग परताव्याचा आदेश देईल, पण हप्त्यांबद्दल काहीच बोलू शकणार नाही. आणि तक्रारीसोबत कलम ३८(८) खाली अंतरिम अर्ज जोडा: निकाल लागेपर्यंत हप्ता वसूल करू नये आणि क्रेडिट रिपोर्टवर थकबाकी नोंदवू नये. हा अर्ज नंतर देऊ म्हणून राहिला तर निकालापर्यंत हप्ते चालूच राहतात. आदेश मिळेलच असं नाही, पण टप्पा २ आणि ३ चे कागद तारखेवार लावलेले असतील तर मागणीला वजन येतं.

कंपनी दिवाळखोरीत गेली असेल तर गणित बदलतं. बायजूजविरुद्ध जुलै २०२४ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने अशी प्रक्रिया सुरू केली, तेव्हा अनेक पालकांना हे पहिल्यांदा कळलं. प्रक्रिया सुरू झाली की कंपनीविरुद्धचे दावे थांबतात, आणि परताव्याचा दावा त्या प्रक्रियेसाठी नेमलेल्या व्यावसायिकाकडे, जाहीर नोटिशीत दिलेल्या नमुन्यात आणि मुदतीत दाखल करावा लागतो. त्यातून हाती फारसं लागेल अशी आशा ठेवू नका, पण दावा दाखल केल्याची पोच घ्या. वित्तसंस्था दिवाळखोरीत नाही, तिच्याविरुद्धची तक्रार चालू ठेवता येते.

## टप्पा ८: खातं खरंच बंद झालं का?

‘युवर लोन इज क्लोज्ड’ हा एसएमएस आला की लोक सुटकेचा श्वास टाकतात आणि इथे शेवटची चूक होते. खातं बंद दिसतं, पण मँडेट जिवंत राहतं. किंवा मँडेट जातं, पण क्रेडिट रिपोर्टवर ‘सेटल्ड’ असं लिहिलं जातं. ‘सेटल्ड’ म्हणजे कर्जदाराने पूर्ण पैसे न देता तडजोड केली असा अर्थ पुढची बँक काढते. तुमच्या बाबतीत तसं झालेलं नाही, म्हणून ‘क्लोज्ड’ हीच नोंद हवी, आणि परताव्याबाबत कोणत्याही कागदावर सही करण्याआधी त्यात ‘सेटलमेंट’ हा शब्द नाही ना ते वाचा.

वित्तसंस्थेकडून शून्य शिल्लक दाखवणारं स्टेटमेंट आणि नो ड्यूज प्रमाणपत्र घ्या. बँकेत जाऊन त्या यूएमआरएनचं मँडेट रद्द झाल्याची खात्री करा, आता ते निर्धास्तपणे रद्द करता येतं. मग साधारण दीड महिन्याने चारही क्रेडिट कंपन्यांचे रिपोर्ट काढा. एका रिपोर्टमध्ये दुरुस्ती झाली म्हणजे इतर तिन्हींत झाली असं समजू नका.

चूक राहिली असेल तर त्या क्रेडिट कंपनीच्या वेबसाइटवर वाद नोंदवा आणि वित्तसंस्थेलाही मेल करा. आरबीआयच्या २६ ऑक्टोबर २०२३ च्या परिपत्रकानुसार अशी तक्रार ३० दिवसांत सोडवली नाही तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई द्यावी लागते. ही भरपाई मागण्यासाठी तक्रार नोंदवल्याची तारीख दाखवणारा मेल लागतो, म्हणून वाद फोनवर नोंदवू नका. ३० दिवसांनंतरही दुरुस्ती झाली नाही तर पुन्हा `cms.rbi.org.in`, आणि या वेळी तक्रार क्रेडिट कंपनी व वित्तसंस्था अशा दोघींविरुद्ध वेगवेगळी करा.